डाळीचा फोटो: आधी आकार, मग रंग

मोकळ्या दाण्यांच्या फोटोवरून डाळ ओळखायची म्हटली की नजर पहिल्यांदा रंगावर जाते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. तूर, हरभरा आणि मूग या तिन्ही डाळी साल काढल्यावर पिवळ्याच दिसतात. पिवळ्या वाटाण्याची डाळ आणि लाखेची डाळ यांचा रंगही त्याच घरातला. प्रत्यक्ष समोर ठेवल्या तर हरभऱ्याची डाळ जरा गडद, मुगाची फिकट आणि तुरीची मधली, असा फरक डोळ्याला कळतो. फोटोत मात्र हा फरक टिकत नाही. पिवळ्या बल्बखाली मुगाची डाळ तुरीसारखी गडद दिसते, ट्यूबलाइटखाली हरभऱ्याची डाळ फिकी पडते, आणि मोबाइलचा कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने रंग सुधारतो तो आणखी वेगळा. म्हणून फोटोतली डाळ ओळखताना दाण्याची बाह्यरेषा, त्याचे माप, त्याची पाठ, कडेला चिकटून राहिलेली साल आणि सगळ्यात शेवटी रंग, असा क्रम ठेवावा लागतो.

हा क्रम का चालतो, हे डाळ कशी तयार होते ते पाहिले की कळते. कडधान्याच्या प्रत्येक दाण्यात सालीच्या आत दोन दळे असतात आणि कडेच्या एका टोकाशी त्या दोन्हींमध्ये कोंब दडलेला असतो. डाळमिलमध्ये साल निघते, दोन्ही दळे सुटी होतात आणि कोंब बहुधा गळून पडतो. त्यामुळे डाळीच्या प्रत्येक दाण्याला एक सपाट बाजू आणि एक फुगीर पाठ असते. सपाट बाजूची बाह्यरेषा म्हणजे मूळ दाण्याचा उभा छेद. हरभऱ्याच्या दाण्याला चोच असते, म्हणून त्याच्या डाळीलाही चोच असते. मुगाचा दाणा लांबट असतो, म्हणून मुगाची डाळही लांबट. प्रकाश कोणताही असो, ही रेषा बदलत नाही.

तुरीची डाळ जवळजवळ गोल असते. व्यास साधारण 5 ते 6 मिलिमीटर, पाठ गुळगुळीत आणि सारख्या उंचीची, कडा मऊ झालेल्या. कडा अशा का होतात, याचे उत्तर मिलमध्ये आहे. तुरीची साल आतल्या दळांना डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेली असते आणि सहजासहजी सुटत नाही. म्हणून तुरीला तेल आणि पाणी लावून ती मुरत ठेवतात, मग वाळवतात आणि खरखरीत रोलरवर घासून साल काढतात. एवढ्या घासण्यात दाण्याची धार बोथट होते, काही दाण्यांचे टवके उडतात आणि वर तेलाची हलकी चमक येते. फोटोत पिवळा, गोल, धार नसलेला, थोडा चमकणारा आणि मधूनच कड उडालेला दाणा दिसला, तर पहिला अंदाज तुरीचा करावा.

हरभऱ्याची डाळ मोठी आणि जाड असते. चोचीसकट तिची लांबी साधारण 7 ते 8 मिलिमीटर भरते. रुंदी त्याहून कमी असते, त्यामुळे बाह्यरेषा एका टोकाला निमुळती होत गेलेली दिसते. हे निमुळते टोक हीच हरभऱ्याची पक्की खूण. पाठीवर बारीक उंचसखलपणा असतो, तुरीसारखी एकसंध गुळगुळीत पाठ तिला नसते. हरभऱ्याची साल तुरीच्या मानाने सहज सुटते, म्हणून दाण्याला कमी घासावे लागते आणि चोच शाबूत राहते. अर्थात सगळ्याच दाण्यांची चोच टिकत नाही. फोटोत दहा दाणे असतील आणि त्यांतल्या चार-पाचांना चोच असेल, तरी पुरे. एकाच दाण्यावरून निकाल देण्याची घाई मात्र करू नये.

मुगाची डाळ या दोघींपेक्षा बारीक. लांबी साधारण 4 ते 5 मिलिमीटर, रुंदी 3 ते साडेतीन. दोन्ही टोके बोथट आणि आकार सरळ लांबट. तिच्याशी गल्लत होते ती उडदाच्या सोललेल्या डाळीची, कारण आकार तसाच आहे. उडदाचा दाणा किंचित मोठा आणि रंगाने दुधाळ पांढरा, पण पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरी उडीदडाळ बिनदिक्कत मुगाची डाळ म्हणून खपते. इथे सालीचे तुकडे उपयोगी पडतात. कितीही स्वच्छ डाळ घेतली तरी शंभरात एखाद्या दाण्याच्या कडेला सालीचा कपचा राहतोच. तो हिरवा असेल तर मूग, काळा असेल तर उडीद. हा कपचा केसाएवढा बारीक असतो, पण फोटो स्पष्ट असेल आणि तो मोठा करून पाहिला तर हमखास सापडतो. तुरीच्या बाबतीत असा तुकडा लालसर तपकिरी असतो किंवा तूर पांढरी असेल तर फिकट, आणि हरभऱ्याचा तपकिरी. डाळ ओळखायला बसलेल्याने आधी सोललेल्या दाण्यांकडे पाहण्यापेक्षा नीट न सोललेला दाणा शोधावा, हा सल्ला म्हणूनच कामाचा आहे.

मसूर ओळखायला सर्वांत सोपी समजली जाते, कारण साल काढल्यावर ती केशरी दिसते. दाणा चपटा, गोल आणि कडेला पातळ होत गेलेला. भिंगाचा जो आकार असतो तोच अख्ख्या मसुराचा, आणि डाळ म्हणजे त्याचा अर्धा भाग. बाजारात साल काढलेली पण न फोडलेली मसूरही मिळते, तिला मलका मसूर म्हणतात. तिला सपाट बाजू नसते, दोन्हीकडून फुगीर असते. फोटोत दोन्हींचा रंग एकच असल्याने पसरलेल्या दाण्यांमध्ये एकही सपाट बाजू दिसत नसेल, तर ती मलका. अख्ख्या सालीच्या मसुराचा रंग करडा-तपकिरी असतो आणि आतला केशरीपणा बाहेरून कळत नाही. अशा वेळी चपटेपणाच पाहावा लागतो, आणि तो वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. त्यासाठी एखादा दाणा कडेवर उभा करून किंवा तिरक्या कोनातून आणखी एक फोटो घ्यावा लागतो.

मसुराच्या केशरी रंगावर विसंबणे किती महागात पडू शकते, याचे एक मोठे उदाहरण आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातून व्हेच नावाच्या, गुरांच्या चाऱ्यासाठी लावल्या जाणाऱ्या वेलीचे दाणे सोलून आणि फोडून मसुराच्या डाळीच्या जागी परदेशात विकले जात होते. या वेलीच्या एका वाणाची डाळ मसुरासारखीच केशरी निघते. तिच्यात मज्जासंस्थेला अपायकारक द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी 1992 मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून या प्रकाराकडे लक्ष वेधले. रंगाने दोन्ही डाळी सारख्या होत्या, फरक आकारात होता. मसुराची पाठ उथळ आणि कड पातळ, तर व्हेचचा दाणा अधिक गोलसर, त्यामुळे त्याची पाठ जास्त फुगलेली आणि कड जाड. ज्याला मसुराचा चपटेपणा माहीत आहे, त्याला निदान संशय तरी येऊ शकतो.

आपल्याकडे असाच प्रश्न तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीबाबत येतो, तो लाखेमुळे. लाख किंवा लाखोळी हे विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात ओळखीचे पीक. धानाच्या बांधीत उरलेल्या ओलीवर ते येते. हिंदीत यालाच खेसारी म्हणतात. दिवसचे दिवस मुख्यतः लाखच खाल्ली गेली तर पायांना कायमचे लुळेपण येऊ शकते, म्हणून तिच्या विक्रीवर अन्नसुरक्षेच्या नियमांत निर्बंध आहेत. लाखेची डाळ स्वस्त आणि पिवळी, त्यामुळे ती महाग डाळीत मिसळली जाते. तिचा अख्खा दाणा पाचरीसारखा कोनदार असतो, आणि हे कोन डाळीतही राहतात. लाखेच्या डाळीची एक बाजू उतरती असते आणि वरून पाहिल्यास दाणा चौकोनी भासतो. गोल तुरीत असा चौकोनी, एका बाजूला उतार असलेला दाणा वेगळा पडतो. पिवळ्या वाटाण्याची डाळ मात्र उलट टोकाची आहे. ती साधारण 6 ते 7 मिलिमीटर व्यासाची, अगदी गोल आणि अर्ध्या गोळीसारखी उंच असते. हरभऱ्याच्या डाळीत ती मिसळली असेल तर चोच नसलेले, गुळगुळीत पाठीचे दाणे एकाच मापाचे दिसू लागतात.

इथपर्यंत सांगितलेली मापे फोटोत वापरायची तर फोटोत काहीतरी माहीत असलेल्या मापाचे हवे. नुसत्या दाण्यांच्या फोटोत 5 मिलिमीटरचा दाणा आणि 8 मिलिमीटरचा दाणा सारखाच मोठा दिसू शकतो, कारण कॅमेरा किती जवळ होता हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. त्यासाठी दाण्यांशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. एक रुपयाची नाणी वेगवेगळ्या मापांची चलनात आहेत, म्हणून ती टाळलेली बरी.

फोटो काढताना दाणे एका थरात आणि एकमेकांना न चिकटता पसरावेत. ढिगाचा फोटो फसवतो, आणि केवळ दाणे एकमेकांआड जातात म्हणून नाही. डबा किंवा पिशवी हलली की बारीक दाणे फटींतून खाली सरकतात आणि मोठे वर राहतात. तुरीच्या डाळीत मुगाचे दाणे मिसळले असतील तर वरच्या फोटोत ते कमीच दिसतील. म्हणून डाळ खालीवर करून मधून लहान चमचाभर, म्हणजे शंभरएक दाणे घ्यावेत. खाली बिनचकाकीचा निळा किंवा करडा कागद असावा. पांढऱ्या कागदावर फिकट दाण्यांची कड विरघळते आणि काळ्या कागदावर कॅमेरा उजेड वाढवून दाणेच पांढरे करून टाकतो. रंगाची तुलना करता यावी म्हणून एका कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. फोटोत तो तुकडा पिवळट दिसला तर दाण्यांचा पिवळेपणाही तेवढाच खोटा, हे लगेच समजते. उजेड खिडकीजवळचा, पण थेट ऊन नसलेला. फ्लॅश नको, कारण तेल लागलेल्या तूरडाळीवर तो पांढरा डाग पाडतो आणि त्या डागाखाली पाठीचा आकार दिसत नाही. मोबाइल अगदी जवळ नेण्याऐवजी वीत-दीड वीत वर धरून दुप्पट झूम करावा, कारण जवळून काढलेल्या फोटोत कडेचे दाणे ताणलेले दिसतात.

आता एक नमुना घेऊन हिशेब करून पाहू. समजा, तूरडाळ म्हणून आणलेल्या पुडीतले शंभर दाणे निळ्या कागदावर पसरून, शेजारी नाणे ठेवून फोटो काढला. फोटो मोबाइलवर मोठा करून किंवा संगणकावर उघडून मोजला, तर नाण्याची रुंदी 540 पिक्सेल आणि उंचीही 540 पिक्सेल भरली. दोन्ही मापे सारखी आहेत, म्हणजे कॅमेरा सरळ वरून धरलेला होता. 540 ला 27 ने भागले की एका मिलिमीटरला 20 पिक्सेल पडतात. बहुतेक दाणे 105 ते 115 पिक्सेल रुंद आणि जवळजवळ तेवढेच लांब भरले, म्हणजे सव्वापाच ते पावणेसहा मिलिमीटर आणि गोल. ही तूर. सहा दाणे 145 पिक्सेल लांब आणि 115 पिक्सेल रुंद निघाले, म्हणजे सव्वासात मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यांतल्या चौघांना टोक आहे. हा हरभरा. तीन दाणे 90 पिक्सेल लांब आणि 64 पिक्सेल रुंद, म्हणजे साडेचार मिलिमीटर लांब आणि रुंदीच्या जवळजवळ दीडपट. हा मूग. उरलेल्या दोन दाण्यांची लांबी-रुंदी तुरीएवढीच आहे, पण बाह्यरेषेला तीन-चार कोपरे आहेत.

हे दोन दाणे लाखेचे आहेत की तुटलेली तूर किंवा तुटलेला हरभरा आहे, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. ते दाणे उलटे करून दुसरा फोटो घ्यावा आणि कोपऱ्याजवळची बाजू निरखावी. मिलमध्ये तुटलेल्या दाण्याची बाजू खरखरीत असते, तिची धार ताजी आणि वेडीवाकडी असते आणि दर दाण्यात तुटीची जागा निराळी पडते. लाखेचा उतार हा दाण्याचा नैसर्गिक पृष्ठभाग असतो, त्यामुळे तो गुळगुळीत असतो आणि पाठीशी सलग मिळून जातो. शिवाय लाख असेल तर तोच उतार दुसऱ्याही दाण्यात दिसतो. दोन दाण्यांपैकी एक खडबडीत तुटलेला आणि दुसरा गुळगुळीत उताराचा निघाला, तर संशय दुसऱ्यावर ठेवून पुडीतले आणखी दोन-तीनशे दाणे पसरून पाहावेत. असे दाणे पुन्हा पुन्हा सापडू लागले तर मिसळ आहे.

हाच फोटो तिरका काढला असता तर काय झाले असते, तेही लक्षात घ्यावे. नाणे रुंदीला 540 आणि उंचीला 430 पिक्सेल दिसले असते, म्हणजे गोल नाणे लंबगोल झाले असते. त्याबरोबर सगळे दाणेही एका दिशेने चेपले असते आणि गोल तूर मुगासारखी लांबट दिसली असती. सगळे लांबट दाणे एकाच दिशेला आडवे पडलेले दिसले की कॅमेरा तिरका होता असे समजावे. खऱ्या मुगाचे दाणे वाटेल त्या दिशेला पडतात. मापाला नाणे ठेवण्याचा हा दुसरा फायदा, आणि कदाचित जास्त मोलाचा.

सालीसकट फोडलेल्या डाळींत ओळख सोपी जाते. हिरवी साल असलेली मुगाची, काळी साल असलेली उडदाची, आणि साल उलगडून पडलेल्या जागी आतला पिवळा किंवा पांढरा रंग दिसतोच. अख्ख्या दाण्यांत मूग आणि उडीद यांची गाठ पडली आणि रंगाने निर्णय होईना, तर दाण्यावरचा पांढरा लांबट ठिपका पाहावा. दाणा शेंगेला जिथे जोडलेला असतो तिथली ही खूण. उडदावर ती मोठी आणि पृष्ठभागाच्या किंचित वर आलेली असते, मुगावर लहान आणि सपाट. काळसर मूग आणि हिरवट उडीद हे दोन्ही प्रकार असतात, म्हणून ही खूण माहीत असलेली चांगली.

फोटो काय सांगू शकत नाही, हेही तितकेच स्पष्ट असावे. तुरीच्या डाळीचे वाण, डाळ या वर्षीची की गेल्या वर्षीची, ती लवकर शिजेल की नाही, यांतले काहीच चित्रावरून कळत नाही. लाखेच्या कमी विषारी वाणांची डाळ आणि जुन्या वाणांची डाळ दिसायला सारखीच. डाळीला वरून पिवळा रंग दिला असेल तर फोटोतला तेजस्वी पिवळेपणा हा पुरावा ठरत नाही, कारण तसा पिवळेपणा नुसत्या उजेडानेही येतो. त्यासाठी प्रयोगशाळेतली रासायनिक तपासणी लागते. मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाचा अंश असेल, तर डाळ भिजवलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर ते गुलाबी-जांभळे होते. आम्ल जपून हाताळावे लागते आणि तपासलेली डाळ टाकूनच द्यायची असते.

डाळ ओळखण्यासाठी कोणाला फोटो पाठवायचा असेल, तर एक फोटो पुरत नाही. सरळ वरून काढलेला, नाणे आणि पांढरा कागद असलेला एक, दाणे उलटे करून दुसरा आणि चार-पाच दाणे कडेवर उभे करून तिसरा, असे तीन पाठवावेत. नीट न सोललेले, कडेला साल राहिलेले दाणे सापडले तर ते निवडून टाकू नयेत, फोटोत मुद्दाम पुढे ठेवावेत. कोनदार, उतार असलेले दाणे वारंवार दिसत असतील, तर ती डाळ शिजवू नये. पुडी पावतीसकट जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात नमुना द्यावा.